बारा रुग्णांची पायलट स्टडी: फक्त वर्णन करणारा सांख्यिकी विभाग कसा लिहायचा

पायलट स्टडीचा मास्टर चार्ट एक्सेलमध्ये भरून स्टॅटिस्टिशियनकडे गेला की बहुतेक वेळा एकाच प्रकारचं उत्तर परत येतं: पेअर्ड टी टेस्ट, पी-व्हॅल्यू आणि खाली 'सिग्निफिकंट' असा शेरा. ते कुणी मागितलेलं नसतं. संगणक ते काढून देतो आणि ते नसलं तर थीसिस अपुरा दिसेल अशी भीती असते, म्हणून ते येतं. या लेखात उलटी वाट धरली आहे. टेस्ट एकही करायची नाही, हाती आलेल्या माणसांचं वर्णन नेमकं करायचं, आणि प्रत्येक आकड्यावरून काय म्हणता येत नाही ते कारणासह लिहायचं.

सगळं एकाच उदाहरणावर करू. उदाहरणातले आकडे समजावण्यासाठी मी बनवलेले आहेत, ते कुठल्याही खऱ्या रुग्णांचे नाहीत. ग्रामीण भागातल्या एका फिजिओथेरपी ओपीडीत गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा व्यायाम ठेवला आहे. आठवड्याला ३ सत्रं, म्हणजे एकूण १८. वेदना १०० मिलिमीटरच्या व्हीएएस पट्टीवर मोजायची, आणि सुरुवातीला ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वेदना असलेल्यांनाच घ्यायचं. तुलनेसाठी दुसरा गट नाही. २३ जणांना तपासलं, १७ पात्र ठरले, १२ जणांनी संमती दिली, आणि सहा आठवड्यांनी ९ जणांची मोजणी झाली.

| रुग्ण | सुरुवातीची वेदना (मिमी) | सहा आठवड्यांनी (मिमी) | हजर सत्रं (१८ पैकी) |
|---|---|---|---|
| १ | ६२ | ४८ | १६ |
| २ | ७१ | ५५ | १५ |
| ३ | ५५ | ५० | १२ |
| ४ | ८० | मोजणी नाही | ३ |
| ५ | ४८ | ३० | १७ |
| ६ | ६६ | ७० | ९ |
| ७ | ७४ | ४१ | १८ |
| ८ | ५९ | ५२ | १४ |
| ९ | ६८ | मोजणी नाही | ६ |
| १० | ५२ | ४४ | १३ |
| ११ | ७७ | ७२ | ११ |
| १२ | ८५ | मोजणी नाही | २ |

## पहिली पायरी: स्टडीचा प्रश्न कोणता होता ते सिनॉप्सिसमधून उचला

लिहायला बसण्याआधी एथिक्स कमिटीला दिलेला सिनॉप्सिस उघडा. पायलटचा उद्देश तिथे 'व्यायामाचा परिणाम पाहणे' असा लिहिला असेल तर अडचण तिथूनच सुरू होते, कारण बारा माणसांत आणि तुलनेच्या गटाशिवाय त्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. पायलटचे खरे प्रश्न वेगळे असतात. पात्र लोकांपैकी किती जण तयार होतात? तयार झालेले आठवड्याला तीन वेळा येऊ शकतात का? शेवटच्या मोजणीपर्यंत किती जण टिकतात? व्हीएएसची पट्टी रुग्णांना समजते का, की दर वेळी कुणीतरी हात धरून खूण करून घेतो?

ट्रायलचा अहवाल कसा लिहायचा हे सांगणाऱ्या 'कन्सॉर्ट'ची रँडमाइज्ड पायलट ट्रायलसाठी स्वतंत्र नियमावली २०१६ मध्ये आली. पायलटमध्ये उपचाराच्या परिणामकारकतेची औपचारिक चाचणी करू नये, अशीच तिची भूमिका आहे. आपलं उदाहरण एकाच गटाचं असल्यामुळे ती नियमावली जशीच्या तशी लागू होत नाही, पण तिचा तर्क इथे आणखी जोरात लागू पडतो: दोन गट असताना जे करायचं नाही, ते एकाच गटात तर नाहीच.

व्यवहार्यतेचा निकष आधी ठरलेला असेल तर तो शब्दशः उद्धृत करा. समजा आपल्या सिनॉप्सिसमध्ये असं होतं: ८० टक्के किंवा जास्त रुग्णांची शेवटची मोजणी झाली तर मुख्य स्टडी जशी आहे तशी करायची, ६० ते ८० टक्क्यांच्या मध्ये असेल तर योजनेत बदल करून करायची, आणि ६० च्या खाली गेली तर थांबायचं. निकष आधी ठरलाच नसेल, तर तसं लिहा. निकाल पाहून निकष बसवला की तो निकष राहत नाही.

## दुसरी पायरी: प्रत्येक आकड्याखालचा छेद पक्का करा

लहान स्टडीत सर्वाधिक गोंधळ सरासरीपेक्षा छेदात होतो. आपल्याकडे चार छेद आहेत: तपासलेले २३, पात्र १७, संमती दिलेले १२, शेवटची मोजणी झालेले ९. कुठल्या वाक्यात कुठला छेद वापरलाय ते दर वेळी दिसायला हवं.

सत्रांची हजेरी घ्या. बारा जणांना मिळून २१६ सत्रं देऊ केली होती, त्यातली १३६ झाली, म्हणजे ६३ टक्के. फक्त शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांचा हिशोब केला तर १६२ पैकी १२५ होतात, म्हणजे ७७ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, पण कार्यक्रम चालेल का या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात आहे. टिकलेल्यांची हजेरी चांगली असणारच, ते टिकले म्हणूनच तर त्या यादीत आहेत. दुसरा आकडा द्यायचा असेल तर पहिल्याच्या शेजारी द्या, एकटा नको.

टक्केवारीच्या आधी मोजणी लिहायची: '१२ पैकी ९ (७५ टक्के)'. दशांश नको. बारा माणसांत एक माणूस म्हणजे ८ टक्क्यांहून जास्त आणि सतरांत जवळजवळ ६ टक्के, त्यामुळे '१७ पैकी १२' ला ७०.५९ टक्के असं लिहिलं की ज्या बारकाईची बढाई आपण मारतो ती आपल्याकडे नसते.

गळलेल्या तिघांची कारणं याच भागात येतात, आणि ती प्रत्येकाची वेगळी लिहायची. आपल्या उदाहरणात एकजण कुटुंबासोबत ऊसतोडीला गेला, एकीला गावाहून येणारी एसटी पकडणं जमेना, आणि एकाचा फोनच लागला नाही. तीन माणसांच्या कारणांचा पाय चार्ट काढण्यात अर्थ नाही, तीन वाक्यं पुरतात. मुख्य स्टडीच्या दृष्टीने ही तीन वाक्यं वेदनेच्या सगळ्या तक्त्याहून मोलाची आहेत, कारण हंगाम पाहून भरती करायची आणि सत्रांची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवायची हे त्यातूनच कळतं.

## तिसरी पायरी: कोणते वर्णनात्मक आकडे, आणि किती

सुरुवातीच्या वेदनेसाठी बाराही जणांची सरासरी ६६.४ मिमी येते आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आपल्या बोलण्यातली एसडी, ११.६. मध्यक ६७, सर्वांत कमी ४८, सर्वांत जास्त ८५. इथे सरासरी आणि मध्यक जवळजवळ सारखेच आहेत, त्यामुळे सरासरी-एसडी देणं चालेल. सोबत किमान-कमाल द्याच. बारा माणसांत टोकाचा एकेक माणूस खरोखर कुठे होता हे वाचकाला दिसलं पाहिजे.

एसडी काढताना एक्सेलमध्ये `STDEV.S` वापरा. `STDEV.P` ने हाच आकडा ११.१ येतो, कारण ते सूत्र तुमचे बारा जण हीच संपूर्ण लोकसंख्या आहे असं धरतं. शंभर रुग्णांत हा फरक दिसतही नाही, बारांत दिसतो. एसडीच्या जागी स्टँडर्ड एरर देऊ नका. इथे ती ३.३ येते, '६६.४ ± ३.३' वाचायला नीटनेटकं वाटतं आणि रुग्ण एकमेकांसारखे होते असा भास होतो. तो आकडा सरासरी किती डळमळीत आहे ते सांगतो, रुग्णांमधली तफावत सांगत नाही. '±' हे चिन्हच टाळलं तर बरं, कारण पुढचा आकडा कोणता हे वाचकाला ओळखावं लागतं.

क्वार्टाइलबद्दल एक सावधगिरी. याच बारा आकड्यांचे क्वार्टाइल `QUARTILE.INC` ने ५८ आणि ७४.७५ येतात, `QUARTILE.EXC` ने ५६ आणि ७६.२५. चूक कुणाचीच नाही, पद्धती वेगळ्या आहेत. आर मधल्या `quantile()` मध्ये तर अशा नऊ पद्धती आहेत. एवढ्या लहान गटात मी क्वार्टाइल गाळून किमान-कमालच देईन. गाइडचा आग्रह असेल तर पद्धतीचं नाव लिहून द्या.

आणि रुग्णांच्या सुरुवातीच्या माहितीचा जो 'तक्ता एक' थीसिसमध्ये असतो, त्यात पी-व्हॅल्यूचा रकाना नको. टिकलेले आणि गळलेले यांची टी टेस्ट लावून 'फरक सिग्निफिकंट नाही, म्हणून गळतीचा परिणाम नाही' असं वाक्य मी अनेक थीसिसमध्ये वाचलं आहे. नऊ विरुद्ध तीन माणसांत टेस्टला काही सापडलं नाही, याचा अर्थ तिथे काही नाही असा होत नाही. पुढची पायरी पाहिलीत तर इथे बरंच काही आहे.

## चौथी पायरी: बदल काढताना तीच माणसं दोन्हीकडे असू द्या

सुरुवातीची सरासरी ६६.४. सहा आठवड्यांनंतरची सरासरी ५१.३. वजाबाकी केली की वेदना १५.१ मिमीने कमी झाल्या असं दिसतं. हा आकडा चुकीचा आहे, कारण पहिली सरासरी बारा जणांची आहे आणि दुसरी नऊ जणांची.

त्याच नऊ जणांची सुरुवातीची सरासरी काढा: ६२.७. आता फरक ११.३ मिमी येतो. मधले जवळजवळ ४ मिमी कुणाच्याही गुडघ्यातून कमी झालेले नाहीत. ज्या तिघांची मोजणी झाली नाही त्यांची सुरुवातीची वेदना ८०, ६८ आणि ८५ होती, म्हणजे सरासरी ७७.७. जास्त दुखणारी माणसं दुसऱ्या मोजणीला आलीच नाहीत, म्हणून दुसरी सरासरी आपोआप खाली बसली. अशी गफलत पकडायची साधी खूण आहे: दोन सरासरींच्या वजाबाकीचा आकडा आणि प्रत्येकाच्या बदलाची सरासरी जुळत नसेल, तर दोन्हीकडे माणसं वेगळी आहेत.

म्हणून आधी प्रत्येक रुग्णाचा बदल काढायचा आणि त्याचं वर्णन करायचं. नऊ जणांचे बदल चढत्या क्रमाने असे: −४, ५, ५, ७, ८, १४, १६, १८, ३३. इथे धन आकडा म्हणजे वेदना कमी झाली. मध्यक ८, सरासरी ११.३. दोन्हींत फरक पडला तो मुख्यतः सातव्या रुग्णामुळे. त्याला बाजूला ठेवलं तर उरलेल्या आठांची सरासरी ८.६ होते. म्हणून बदलासाठी मध्यक आणि किमान-कमाल द्या. सातव्याला काढून मात्र टाकू नका, तो खरा रुग्ण आहे. आणि ज्याची वेदना वाढली तो सहावा रुग्ण वाक्यात ठळकपणे येऊ द्या. नऊच आकडे आहेत, ते सगळे छापले तरी एक ओळ भरते. आलेख हवा असेल तर प्रत्येक रुग्णाची सुरुवात आणि शेवट जोडणाऱ्या नऊ रेषा काढा, आणि गळलेल्या तिघांचे सुरुवातीचे ठिपके त्याच आलेखात एकटे दिसू द्या. दोन उंच खांबांचा बार चार्ट हे सगळं झाकून टाकतो.

आकडे तपासायला आर वापरत असाल तर एवढं पुरेल:

```
pre  <- c(62,71,55,80,48,66,74,59,68,52,77,85)
post <- c(48,55,50,NA,30,70,41,52,NA,44,72,NA)
d <- pre - post
mean(pre); sd(pre); median(pre); range(pre)
mean(pre[!is.na(post)])
mean(pre[is.na(post)])
median(d, na.rm = TRUE); range(d, na.rm = TRUE)
prop.test(9, 12, correct = FALSE)$conf.int
```

आता मोहाची गोष्ट. या नऊ बदलांवर पेअर्ड टी टेस्ट चालवलीत तर पी-व्हॅल्यू ०.०५ च्या बऱ्याच खाली येते. पायलटमध्ये टेस्ट नको म्हणताना लोक 'नमुना लहान आहे, सिग्निफिकन्स मिळणार नाही' हे कारण देतात, पण इथे तो मिळतोय आणि तरीही तो लिहायचा नाही. टेस्ट फार तर एवढंच सांगेल की या प्रकारच्या रुग्णांत सहा आठवड्यांत वेदनेचा आकडा बदलतो. तो व्यायामामुळे बदलला का, याबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. ४० च्या वर वेदना असलेल्यांनाच आपण घेतलं, आणि माणूस ओपीडीत येतो तोच दुखणं चढलेलं असताना. ते पुढच्या आठवड्यांत काहीसं उतरतंच. आठवड्यातून तीनदा कुणी आपुलकीने विचारपूस करतो त्याचाही परिणाम होतो. मधल्या काळात कुणी वेदनाशामक गोळ्या घेतल्या असतील. तुलनेचा गट नसताना यातलं काहीच वेगळं काढता येत नाही, नमुना बाराचा असो की बाराशेचा.

## पाचवी पायरी: अंतराल कुठे द्यायचा, कुठे नाही

व्यवहार्यतेच्या टक्केवारीला ९५ टक्के विश्वास अंतराल द्यावा असं माझं मत आहे. काटेकोर अर्थाने तो वर्णनाच्या पलीकडे जातो, पण त्याचं काम इथे लगाम घालण्याचं आहे. १२ पैकी ९ म्हणजे ७५ टक्के; विल्सनच्या पद्धतीने अंतराल येतो ४७ ते ९१ टक्के. वरच्या कोडची शेवटची ओळ तोच देते. आता आपला आधी ठरवलेला निकष आठवा. ७५ टक्के हा आकडा 'बदल करून पुढे जा' या पट्ट्यात पडतो, पण अंतराल तिन्ही पट्ट्यांना स्पर्श करतो. म्हणजे खरं प्रमाण 'थांबा'मध्ये असू शकतं आणि 'जशी आहे तशी करा'मध्येही. हे जसंच्या तसं लिहायचं. निर्णय घ्यायचा तो टक्केवारी आणि गळतीची कारणं मिळून, आणि तो निर्णय आहे, निष्कर्ष नाही, हे वाचकाला कळू द्यायचं.

वेदनेतल्या बदलाला मात्र मी अंतराल देणार नाही. तो दिला की वाचक पहिल्यांदा त्यात शून्य आहे का तेच बघतो, आणि मागच्या दाराने पी-व्हॅल्यू घरात येते. जर्नलने मागितलाच तर द्या, पण त्याच वाक्यात तुलनेचा गट नसल्याचं लिहा.

शून्याचं प्रकरण वेगळंच आहे. 'एकाही रुग्णाला व्यायामादरम्यान दुखापत झाली नाही, म्हणून कार्यक्रम सुरक्षित आहे' हे वाक्य फार सहज लिहिलं जातं. पहिली गोष्ट, ज्याचा फोन लागला नाही त्याचं काय झालं हे माहीत नाही, म्हणून '११ पैकी ०, एकाची माहिती नाही' असं लिहा. दुसरी, शून्य घटना दिसल्या तरी खरं प्रमाण किती असू शकतं हे काढता येतं. ३ ला माणसांच्या संख्येने भागायचं हा ढोबळ नियम आहे. ११ माणसांत तो २७ टक्के देतो. लहान संख्येत नियम थोडा सैल पडतो, नेमकं गणित केलं तर वरची मर्यादा २४ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे दर चार जणांत जवळजवळ एकाला दुखापत होत असती, तरीही या अकरा जणांत एकही न दिसणं शक्य होतं.

## सहावी पायरी: 'काय म्हणता येत नाही' हा परिच्छेद

'नमुना लहान असल्याने निष्कर्ष मर्यादित आहेत' हे वाक्य कुठल्याही थीसिसला चिकटवता येतं, म्हणून ते निरुपयोगी आहे. प्रत्येक न निघणारा निष्कर्ष नाव घेऊन लिहायचा, आणि सोबत तो का निघत नाही ते. कारणं वेगवेगळी असतात: काही निष्कर्ष माणसं कमी म्हणून निघत नाहीत, काही तुलनेचा गट नाही म्हणून, काही गळती एकाच बाजूची म्हणून. ही कारणं एकाच पोत्यात भरली की मुख्य स्टडीत फक्त संख्या वाढवली म्हणजे झालं, असं वाचकाला वाटतं. तुलनेचा गट नसण्यावर संख्या हा इलाज नाही.

आपल्या तक्त्यात एक सापळा मुद्दाम ठेवला आहे. हजेरीचा रकाना आणि वेदनेतला बदल शेजारी ठेवून पाहा. १८ सत्रं केलेल्याची वेदना ३३ ने कमी झाली, १७ केलेल्याची १८ ने, ११ केलेलीची ५ ने, आणि ९ च सत्रं केलेल्याची वाढली. 'जितका व्यायाम जास्त तितका आराम जास्त' हे वाक्य बोटांवर आलेलंच असतं. पण बाण उलटाही असू शकतो: ज्याला आराम पडला तो येत राहिला, ज्याला पडला नाही त्याचं येणं कमी झालं. आणि सर्वांत कमी सत्रं केलेले तिघे या हिशोबात नाहीतच. कोरिलेशन काढू नका. ही जोडी दिसली, आणि तिचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो, एवढं लिहा.

दुसरी न बोलायची गोष्ट मुख्य स्टडीच्या नमुन्याची. पायलटमधल्या बदलाची एसडी घेऊन थेट सॅम्पल साइज काढायची पद्धत रूढ आहे. आपल्या नऊ जणांत ती १०.५ आहे. पण नऊ माणसांवरून काढलेली एसडी स्वतःच किती हलते ते पाहा: बदल साधारण नॉर्मल वितरणाचे धरले तरी खरी एसडी ७ ते २० मध्ये कुठेही असू शकते. सॅम्पल साइज एसडीच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे या दोन टोकांमधली लागणारी रुग्णसंख्या एकमेकींच्या आठपट निघते. ११.३ हा बदल 'अपेक्षित परिणाम' म्हणून सूत्रात घालणं तर त्याहून वाईट, कारण तो व्यायामाचा परिणाम आहे हेच ठरलेलं नाही. किती फरक रुग्णाला जाणवेल ते आधीच्या मोठ्या अभ्यासांवरून आणि वैद्यकीय समजुतीवरून ठरवायचं. तसंच, स्टडी संपल्यावर तिची पॉवर काढून छापू नका. ती पी-व्हॅल्यूचंच दुसरं रूप असते.

## सातवी पायरी: विभाग लिहून काढा

आता हे सगळं जोडून विभाग कसा दिसेल ते पाहा. पद्धतीचा परिच्छेद:

> 'ही एकाच गटाची पायलट स्टडी असून तिचा उद्देश व्यवहार्यता पाहणे हा आहे. विश्लेषण केवळ वर्णनात्मक आहे. कोणतीही परिकल्पना-चाचणी केलेली नाही व पी-व्हॅल्यू दिलेली नाही. प्रमाणे मोजणी आणि छेदासह दिली आहेत. शेवटच्या मोजणीच्या प्रमाणासाठी विल्सन पद्धतीचा ९५ टक्के विश्वास अंतराल दिला आहे. सुरुवातीच्या वेदनेसाठी सरासरी, एसडी, मध्यक आणि किमान-कमाल, तर बदलासाठी मध्यक आणि किमान-कमाल दिली आहे. बदल केवळ दोन्ही मोजण्या असलेल्या रुग्णांत काढला आहे. न झालेल्या मोजण्यांच्या जागी कोणतेही अंदाजित मूल्य घातलेले नाही.'

शेवटचं वाक्य विसरू नका. शेवटचा ज्ञात आकडा पुढे ओढून भरण्याची पद्धत अजून वापरात आहे, त्यामुळे तुम्ही ती वापरली नाही हे सांगावं लागतं. निकालाचा परिच्छेद:

> 'तपासलेल्या २३ रुग्णांपैकी १७ पात्र होते व त्यातील १२ (७१ टक्के) सहभागी झाले. देऊ केलेल्या २१६ सत्रांपैकी १३६ (६३ टक्के) पूर्ण झाली. सहा आठवड्यांची मोजणी १२ पैकी ९ जणांची झाली (७५ टक्के, ९५ टक्के विश्वास अंतराल ४७ ते ९१). सुरुवातीची वेदना १२ रुग्णांत सरासरी ६६.४ मिमी (एसडी ११.६, मध्यक ६७, किमान-कमाल ४८ ते ८५) होती. मोजणी न झालेल्या तीन रुग्णांची सुरुवातीची वेदना ८०, ६८ व ८५ मिमी होती. उरलेल्या ९ रुग्णांत वेदनेतील घट मध्यक ८ मिमी होती (किमान-कमाल: ४ मिमी वाढ ते ३३ मिमी घट). एका रुग्णाची वेदना वाढली. व्यायामाशी संबंधित दुखापत ११ पैकी एकाही रुग्णात नोंदली गेली नाही. एका रुग्णाची माहिती मिळाली नाही.'

आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो परिच्छेद:

> 'तुलनेचा गट नसल्याने वेदनेतील बदल व्यायामामुळे झाला असे या स्टडीवरून म्हणता येत नाही. जास्त वेदना असतानाच निवड झाल्याने काही घट उपचाराविनाही अपेक्षित आहे. सुरुवातीला जास्त वेदना असलेल्या रुग्णांत गळती अधिक असल्याने नऊ रुग्णांतील बदल सर्व बारा रुग्णांना लागू करता येत नाही. हजेरी आणि आराम यांच्यात कार्यकारण संबंध आहे, किंवा तो कोणत्या दिशेने आहे, हे सांगता येत नाही. दुखापत न दिसणे हा सुरक्षिततेचा पुरावा नाही. खरे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांपर्यंत असू शकते. टिकून राहण्याच्या प्रमाणाचा अंतराल पूर्वनिश्चित निकषाच्या तिन्ही पट्ट्यांत पसरतो, त्यामुळे योजनेत बदल करून पुढे जाण्याचा निर्णय गळतीच्या कारणांवरही आधारित आहे. या स्टडीतील एसडी किंवा सरासरी बदल मुख्य स्टडीच्या रुग्णसंख्येसाठी वापरलेला नाही.'

या परिच्छेदात कुठेही 'व्यायाम परिणामकारक नाही' असं म्हटलेलं नाही, तिकडेही लक्ष द्या. तेही म्हणता येत नाही.

## लिहून झाल्यावर काय तपासायचं

विभाग सांभाळून लिहिला जातो आणि घात होतो तो सारांशात. आत 'फक्त वर्णन' आणि वर सारांशात 'व्यायामाने वेदना लक्षणीय कमी झाल्या' असं झालं तर बहुतेक लोक सारांशच वाचतात. फाइलमध्ये 'लक्षणीय', 'सिद्ध', 'परिणामकारक', 'सुरक्षित', 'कल दिसतो', 'मुळे' हे शब्द शोधा आणि प्रत्येक जागी त्या वाक्याला कोणता आकडा आधार देतो ते पाहा. 'सिग्निफिकन्सकडे कल' हा तर पराभव मान्य न करण्याचा प्रकार आहे, तो दिसला की पुसा. शीर्षकात 'परिणाम' असेल तर तिथे 'व्यवहार्यता' करा आणि 'पायलट स्टडी' हे शब्द शीर्षकातच ठेवा. सीटीआरआयमध्ये नोंदणी केली असेल तर तिथला मुख्य निकष आणि तुमच्या लेखातला मुख्य निकष एकच आहे ना, ते पाहून घ्या. परीक्षक किंवा रिव्ह्यूअर तो उघडून पाहू शकतो.

तरीही कुणीतरी 'पी-व्हॅल्यू द्या' म्हणणारच. गाइड म्हणाले, तर भांडण्यापेक्षा तक्ता समोर ठेवून १५.१ आणि ११.३ हे दोन आकडे दाखवा. चार मिलिमीटर कुठून आले हा प्रश्न बहुतेकांना पटतो. रिव्ह्यूअरने मागितली तर उत्तर थोडक्यात आणि नम्रपणे लिहायचं: 'विश्लेषण आधीच वर्णनात्मक ठरवले होते. एकाच गटातील पूर्व-पश्चात चाचणी व्यायामाच्या परिणामाबद्दल माहिती देत नाही, म्हणून ती जोडलेली नाही. त्याऐवजी दोन्ही मोजण्या झालेल्या नऊ रुग्णांचे वैयक्तिक बदल आणि गळलेल्या तिघांची सुरुवातीची मूल्ये तक्त्यात दिली आहेत.' आणि तो तक्ता खरोखर जोडा, नावं आणि ओपीडी क्रमांक काढून. एवढ्या लहान स्टडीत वय, लिंग आणि गाव एकत्र दिले तर रुग्ण ओळखू येतो, म्हणून गावाचा रकाना आणि नेमकं वय तिथे नको.